यंग गुणांकाच्या प्रयोगात मिती जुळते, पण एकक जुळत नाही असा शेरा आला आहे. तपासणी नेमकी कशी करावी?

अनघा_पुणे

नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. दोन नाइफ एजवर पट्टी आडवी ठेवून, मध्यभागी हँगर अडकवून, वजने वाढवत नेऊन पट्टी किती वाकते ते ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने मोजायचे आणि त्यावरून यंग गुणांक काढायचा, असा आमचा प्रयोग होता. जर्नल तपासून परत आले तेव्हा शेवटच्या उत्तराभोवती लाल वर्तुळ होते आणि शेजारी लिहिले होते, "मिती जुळते, एकक जुळत नाही. पुन्हा तपासा."

सूत्र असे वापरले आहे. येथे s म्हणजे वाकणे विरुद्ध वजन या आलेखाचा चढ.

```
Y = g L^3 / (4 b d^3 s)
```

मोजमापे अशी: नाइफ एजमधील अंतर L = ८०.० सेंमी, पट्टीची रुंदी b = २.५० सेंमी, जाडी d = ६.०० मिमी, आलेखाचा चढ s = ०.११६. g साठी ९.८ घेतले. लांबी, रुंदी आणि जाडी मीटरमध्ये रूपांतरित करून उत्तर २.०० × १०⁹ न्यूटन प्रति चौरस मीटर आले. दोन्ही बाजूंच्या मिती मी लिहून पाहिल्या आणि दोन्हीकडे M L⁻¹ T⁻² हेच येते. मग एकक जुळत नाही म्हणजे काय, आणि मिती जुळल्यावर आणखी कोणती तपासणी उरते?

सिंहगडरोड

मिती दोन्ही बाजूंना सारखी आली म्हणजे सूत्र बरोबर आहे, त्याची काळजी सोडून दे. गडबड सीजीएस आणि एसआय यांच्या सरमिसळीची दिसते. काही मोजमापे सेंटिमीटरमध्ये राहिली असतील. डाइन प्रति चौरस सेंटिमीटर आणि न्यूटन प्रति चौरस मीटर यांच्यात दहाचा फरक असतो, त्यामुळे उत्तराला दहाने गुणून किंवा भागून बघ आणि जे पुस्तकातील किमतीच्या जवळ जाईल ते ठेव.

मेधा_कु

माझ्या मुलाच्या जर्नलमध्येही अगदी हेच झाले होते, म्हणून लिहिते. त्याने लाकडी मीटरपट्टीचे एक टोक टेबलाला आवळून दुसऱ्या टोकाला वजन लावले होते आणि त्याचेही उत्तर फारच लहान आले होते. नंतर कळले की सूत्रातील ४ हा आकडा छेदात नसून अंशात हवा होता. तूही ४ वर घेऊन बघ, उत्तर सोळा पट होईल आणि मला वाटते तेच बरोबर असेल.

प्रयोगवही

मी बरीच वर्षे पदवीच्या वर्गांची प्रात्यक्षिके घेतली आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. अनघा, आधी एक प्रश्न. चढ ०.११६ असा लिहिला आहेस, पण त्याच्यापुढे एकक नाही. आलेखाच्या उभ्या अक्षावर काय होते आणि आडव्या अक्षावर काय होते?

अनघा_पुणे

उभ्या अक्षावर पट्टीचे वाकणे सेंटिमीटरमध्ये आणि आडव्या अक्षावर वजन किलोग्रॅममध्ये. मायक्रोस्कोपची मापे सेंटिमीटरमध्येच येतात, म्हणून आलेखही तसाच काढला.

प्रयोगवही

मग लाल वर्तुळाचे कारण तिथेच आहे. तुझा चढ नुसता ०.११६ नाही, तो ०.११६ सेंमी प्रति किलोग्रॅम आहे. सूत्रातील प्रत्येक राशीच्या जागी केवळ आकडा न घालता आकड्यासोबत त्याचे एककही घाल आणि एकके आकड्यांप्रमाणेच गुणाकार-भागाकारात जाऊ दे. तू केलेल्या गणितात एककांचे असे होते:

```
(m/s^2) · m^3 / ( m · m^3 · cm/kg ) = kg / (cm · s^2)
```

म्हणजे तुझे २.०० × १०⁹ हे उत्तर चुकलेले नाहीच. ते २.०० × १०⁹ किलोग्रॅम प्रति सेंटिमीटर प्रति वर्ग सेकंद आहे आणि त्या एककात ते पूर्णपणे खरे आहे. त्याच्यापुढे जे "न्यूटन प्रति चौरस मीटर" लिहिले आहे ते गणितातून आलेले नाही, ते सवयीने लिहिले गेले आहे. एक न्यूटन प्रति चौरस मीटर म्हणजे एक किलोग्रॅम प्रति मीटर प्रति वर्ग सेकंद. सेंटिमीटर छेदात आहे, म्हणून तुझ्या आकड्याला शंभराने गुणायचे, की उत्तर २.०० × १०¹¹ न्यूटन प्रति चौरस मीटर होते. पोलादाची यंग गुणांकाची किंमत साधारण एवढीच असते.

मितीच्या तपासणीला हे दिसले नाही, कारण सेंटिमीटर आणि मीटर या दोघांचीही मिती L च आहे. मिती पाहणारा माणूस फक्त एवढेच विचारतो की ही लांबी आहे की वस्तुमान. ती लांबी कोणत्या मापाने मोजली हे तो विचारत नाही. म्हणून तुझ्या तपासनिसांचा शेरा शब्दशः खरा आहे. अशा सरमिसळीतून दहाचा, शंभराचा किंवा दहा लाखांचा घोळ झाला तरी मितीचे समीकरण निमूटपणे जुळते.

सिंहगडरोड यांनी सुचवलेला दहाचा नियम सर्वच्या सर्व राशी सीजीएसमध्ये घेतल्या तरच लागू होतो. तसे केले असते, म्हणजे g = ९८० सेंमी प्रति वर्ग सेकंद, सगळ्या लांब्या सेंटिमीटरमध्ये आणि चढ सेंमी प्रति ग्रॅममध्ये घेतला असता, तर उत्तर २.०० × १०¹² डाइन प्रति चौरस सेंटिमीटर आले असते आणि त्याला दहाने भागून एसआयमधील किंमत मिळाली असती. येथे मात्र एकच राशी वेगळ्या मापात राहिली आहे आणि तिचा घात एक आहे, म्हणून शंभर. जर d सेंटिमीटरमध्ये राहिली असती, तर तिचा घन असल्यामुळे दहा लाखांचा फरक पडला असता. दोष कोणत्या राशीत आहे आणि तिचा घात किती आहे यावर गुणक ठरतो, म्हणून एकच ठरावीक गुणक कुणालाही सांगता येत नाही. आणि पुस्तकातील किमतीच्या जवळ जाईल ते ठेवावे, हा सल्ला तर कुणीही मानू नये. तसे केले तर प्रयोगाने काहीच मोजले नाही असे होते.

सिंहगडरोड

दहाच्या बाबतीत मान्य आहे. परंतु मिती जुळली म्हणजे सूत्र बरोबर, हे तर खरे ना? इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला तसेच शिकवले होते.

प्रयोगवही

उलट बाजूने ते खरे आहे. मिती जुळली नाही तर सूत्र नक्की चुकले आहे. जुळली तर फक्त एवढेच कळते की त्या एका प्रकारची चूक नाही. मेधाताईंनी जे लिहिले आहे तेच याचे उत्तम उदाहरण आहे. मेधाताई, आपल्या मुलाचा प्रयोग आणि अनघाचा प्रयोग हे दोन वेगळे प्रयोग आहेत. एका टोकाला आवळलेल्या पट्टीचे सूत्र असे असते:

```
Y = 4 g L^3 / (b d^3 s)
```

दोन्ही सूत्रांची मिती तंतोतंत एक आहे, दोन्हींतून न्यूटन प्रति चौरस मीटर हेच एकक निघते आणि तरीही दोघांमध्ये सोळा पटींचा फरक आहे. ४ या आकड्याला मिती नाही, म्हणून तो वर आहे की खाली हे मिती सांगू शकत नाही.

हे सोळा कुठून येतात ते डोळ्यांसमोर आणता येते. दोन आधारांवर ठेवलेली पट्टी मध्यभागी वाकते तेव्हा मध्यबिंदूजवळ ती आडवीच असते. म्हणून तिला मध्यभागी आवळलेल्या आणि टोकांना वर ढकललेल्या दोन अर्ध्या पट्ट्या समजता येते. प्रत्येक अर्ध्या पट्टीची लांबी निम्मी, म्हणून लांबीच्या घनामुळे एक अष्टमांश. प्रत्येक टोकावरचा भार निम्मा, म्हणून आणखी एक द्वितीयांश. दोन्ही मिळून एक षोडशांश. म्हणजे त्याच पट्टीला एका टोकाला आवळून, तेवढीच लांबी मोकळी सोडून तेच वजन टोकाला लावले, तर ती सोळा पट जास्त वाकली पाहिजे. ही गोष्ट प्रयोगशाळेत पट्टी हातात घेऊनही कळते.

अनघाने तुमच्या सांगण्याप्रमाणे ४ वर घेतला असता, तर तिचे चुकीच्या एककातले उत्तर ३.२ × १०¹⁰ झाले असते. ते पोलादाच्या किमतीच्या आधीपेक्षा जवळ दिसले असते, आणि म्हणूनच ते जास्त धोक्याचे आहे.

मेधा_कु

समजले. माझा मुलगा टोकाला आवळलेल्या पट्टीचा प्रयोग करत होता आणि सूत्र मित्राच्या वहीतून दोन आधारांच्या प्रयोगाचे घेतले होते, असा तो घोळ होता तर. मी दोन्ही एकच धरून चालले होते. पण मग मला एक विचारायचे आहे. मितीने हे पकडता येत नाही आणि एककांनीही पकडता येत नाही, तर मुलांनी हे पकडायचे कशाने? पुस्तकातली किंमत पाहायची नाही असेही आपण म्हणता.

प्रयोगवही

किंमत पाहायची, पण ती पाहून उत्तर बदलायचे नाही. किंमत फार वेगळी आली तर कारण शोधायचे आणि कारण सापडल्यावरच गणित बदलायचे. पोलादासाठी सुमारे २ × १०¹¹, पितळेसाठी सुमारे १ × १०¹¹, ॲल्युमिनिअमसाठी सुमारे ७ × १०¹⁰ आणि लाकडाच्या पट्टीसाठी दहाचा दहावा घात, त्याच्या अलीकडे-पलीकडे, एवढे अंदाज पुरतात. मात्र त्यासाठी पट्टी कशाची आहे हे जर्नलमध्ये लिहिलेले हवे. पुष्कळ जर्नलांत "दिलेली पट्टी" एवढेच असते. मग २ × १०⁹ ही किंमत पाहून एखाद्याला वाटते की पट्टी लाकडाची किंवा प्लास्टिकची असेल, आणि तपासणी तिथेच थांबते.

लकडीपूल

माझे मत थोडे वेगळे आहे. हा सगळा खटाटोप टाळायचा असेल तर निरीक्षण तक्त्यातच सर्व मापे मीटर आणि किलोग्रॅममध्ये लिहावीत. आलेखही मीटर विरुद्ध किलोग्रॅम असाच काढावा. मग चढ आपोआप ०.००११६ मीटर प्रति किलोग्रॅम येतो आणि पुढे कुठेच सेंटिमीटर राहत नाही.

प्रयोगवही

याबाबतीत मी सहमत नाही. तक्त्यात उपकरणावर जे वाचले तेच लिहिलेले असावे असे माझे मत आहे. स्क्रू गेजवर ६.०० मिमी वाचले आणि तक्त्यात ०.००६०० लिहिले, तर शून्य मोजण्यात होणारी चूक नंतर कुणालाही शोधता येत नाही, कारण मूळ वाचन कुठेच शिल्लक नसते. रूपांतराची एक वेगळी ओळ आलेखानंतर आणि गणिताआधी लिहावी आणि तिथे प्रत्येक राशी तिच्या एककासह मांडावी.

लकडीपूल

पण तीच रूपांतराची ओळ विद्यार्थी वगळतात, म्हणून तर हा धागा सुरू झाला. अनघाने लांबी, रुंदी आणि जाडी बदलली आणि चढ तेवढा राहून गेला, कारण चढ हे मोजमाप नाही, ते आलेखावरून काढलेले आहे, आणि मोजमापांच्या यादीत तो नसतोच. तक्ता मीटरमध्ये असता तर हे घडले नसते.

प्रयोगवही

चढ यादीत नसतो हे निरीक्षण फार मोलाचे आहे. तरीही तक्त्याबाबत माझे मत तेच राहील.

वेताळटेकडी

मी प्रोग्रॅमिंग करतो, म्हणून वेगळा मार्ग सुचवतो. पायथनमध्ये `pint` नावाची लायब्ररी आहे. तिच्यात राशी एककासकट लिहिता येतात आणि एककांचे गणित ती स्वतः करते.

```
from pint import UnitRegistry
u = UnitRegistry()
s = 0.116 * u.cm / u.kg
g = 9.78 * u.m / u.s**2
L, b, d = 80.0*u.cm, 2.50*u.cm, 6.00*u.mm
Y = g * L**3 / (4 * b * d**3 * s)
print(Y.to("N/m**2"))
```

येथे सेंटिमीटर, मिलिमीटर, मीटर सगळे मिसळून लिहिले आहे आणि तरीही उत्तर २.०० × १०¹¹ च येते. कुणी g लिहायला विसरले तर शेवटच्या ओळीवर `DimensionalityError` येते, म्हणजे मितीचीही तपासणी होते. पुण्यात g ची किंमत सुमारे ९.७८ असते, म्हणून मी ती घेतली आहे. ९.८ घेतल्याने पडणारा फरक हजारात दोन एवढाच आहे, तो या प्रयोगात दिसणारही नाही.

प्रयोगवही

हे चांगले आहे, विशेषतः g बद्दलचे. त्याच्याशी जोडलेली एक चूक जर्नलांमध्ये वारंवार येते. काही विद्यार्थी आडव्या अक्षावर किलोग्रॅमऐवजी न्यूटन घेतात, म्हणजे वजनाला g ने आधीच गुणलेले असते, आणि मग सूत्रात g पुन्हा घालतात. उत्तर जवळजवळ दहा पट मोठे येते आणि त्या दहाकडे पाहून सगळ्यांना सीजीएसची आठवण होते. खरे तर चढाचे एकक मीटर प्रति न्यूटन असे लिहिले असते, तर उत्तराच्या एककात मीटर प्रति वर्ग सेकंद जास्तीचे उरले असते आणि मितीने ही चूक लगेच पकडली असती. याचा अर्थ मितीची तपासणी कमकुवत नाही. ती चालण्यासाठी चढाची मिती अक्षांवरून घ्यावी लागते. सूत्र जुळावे म्हणून जी हवी ती मिती चढाला देऊन टाकली, तर काहीच तपासले जात नाही.

`pint` बाबत एकच सांगतो. ४ खाली आहे की वर, L म्हणजे नाइफ एजमधील अंतर घेतले की पूर्ण पट्टीची लांबी, आणि b व d यांची अदलाबदल झाली आहे का, हे तिलाही कळणार नाही. त्या तिन्ही चुकांमध्ये एकक बिनचूक राहते.

यातील शेवटची अदलाबदल अनघाच्याच आकड्यांनी करून पाहा. b आणि d उलटे घातले तर छेदात रुंदीचा घन जातो आणि Y सुमारे १७.४ पट लहान होतो, कारण २.५० चा वर्ग भागिले ०.६० चा वर्ग एवढा तो गुणक आहे. आता समजा, त्याच जर्नलमध्ये चुकून टोकाला आवळलेल्या पट्टीचे सूत्रही घेतले गेले. त्याने Y सोळा पट मोठा होतो. दोन्ही चुका एकत्र आल्या की उत्तर १.८४ × १०¹¹ येते. मिती बरोबर, एकक बरोबर, आणि पुस्तकातील किमतीपासून फरक केवळ आठ टक्के. तपासणारा पूर्ण गुण देईल. असे जर्नल पकडण्याचा एकच मार्ग मला माहीत आहे: आकृती पाहून सूत्र पडताळणे, आणि ज्या दिशेने पट्टी वाकते त्या दिशेचेच माप घनात गेले आहे ना ते बघणे. पट्टी उभ्या कडेवर ठेवली तर ती कितीतरी कमी वाकते, हे हाताने करून पाहिले की घन कुणाचा घ्यायचा याबाबत शंका राहत नाही.

सिंहगडरोड

हे दोन चुकांचे जुळणे माझ्या लक्षात आले नव्हते. मिती जुळली की निश्चिंत व्हायचे नाही, हे पटले.

अनघा_पुणे

सर्वांचे आभार. पट्टी पोलादाची आहे, पेटीवर तसे लिहिलेले आहे, ते जर्नलमध्ये आता लिहिते. चढ ०.११६ सेंमी प्रति किलोग्रॅम म्हणजे ०.००११६ मीटर प्रति किलोग्रॅम घेऊन पुन्हा गणित केले आणि एककेही सोबत लिहीत गेले. २.०० × १०¹¹ न्यूटन प्रति चौरस मीटर आले. आता त्रुटीच्या भागाबद्दल विचारायचे आहे. त्यात मी असे लिहिले होते:

```
ΔY/Y = 3(0.1/80.0) + 0.01/2.50 + 3(0.001/6.00) + 0.002/0.116
```

सगळी गुणोत्तरे असल्यामुळे येथे एकके तपासण्याची गरज नाही ना?

प्रयोगवही

येथेच गरज आहे. गुणोत्तराला एकक नसते हे तेव्हाच खरे असते, जेव्हा वरचे आणि खालचे माप एकाच एककात असते. तिसरे पद पाहा. ०.००१ हे स्क्रू गेजचे लघुतम माप सेंटिमीटरमध्ये आहे आणि ६.०० ही जाडी मिलिमीटरमध्ये आहे. लघुतम माप ०.०१ मिमी घे. मग ते पद ३ × ०.०१ भागिले ६.००, म्हणजे ०.००५ होते. तुझ्या गणितात ते ०.०००५ आले होते. बाकीची तीन पदे वर-खाली एकाच एककात आहेत, म्हणून त्यांना हात लावायची आवश्यकता नाही. पहिल्या पदातून सुमारे ०.००४, दुसऱ्यातून ०.००४ आणि चढातून ०.०१७ येतात. बेरीज ०.०३, म्हणजे तीन टक्के. शेवटचे उत्तर असे लिही:

```
Y = (2.00 ± 0.06) × 10^11 N/m^2
```

उत्तर आणि त्रुटी एकाच कंसात, एकाच घातासह आणि एकाच एककासह लिहिलेली असावी. पुष्कळ जणांची त्रुटी ६ × १०⁹ अशी वेगळ्या ओळीवर असते आणि तिच्यापुढे एककच नसते. आणि जर्नलमध्ये हेही नोंद की सर्वांत मोठा वाटा चढाचा आहे. त्रुटी कमी करायची असेल तर स्क्रू गेजपाशी वेळ घालवून फारसे साधणार नाही, आलेखाचे बिंदू वाढवावे लागतील.

लकडीपूल

चढातील ०.००२ हा आकडा कसा मिळवला, हेही एकदा विचारावे असे वाटते. सर्वांत तीव्र आणि सर्वांत सौम्य रेषा काढून त्यांच्या फरकाचा निम्मा भाग घेतला असेल, तर तो आलेखाच्या कागदावर आणि काढणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहतो. त्याऐवजी लघुतम वर्ग पद्धत वापरावी.

अनघा_पुणे

दोन रेषा काढूनच घेतला आहे. लघुतम वर्ग पद्धत आम्हाला पुढच्या सत्रात आहे असे सांगितले आहे.

प्रयोगवही

पहिल्या वर्षाला दोन रेषांची पद्धत चालते. लघुतम वर्ग पद्धतीने केलेस तरी तिने दिलेल्या चढाला आणि चढाच्या त्रुटीला सेंमी प्रति किलोग्रॅम हेच एकक राहील, कारण ते अक्षांवरून येते, पद्धतीवरून नाही. वजने वाढवतानाची आणि उतरवतानाची वाचने वेगवेगळी आली असतील, तर दोन्हींची सरासरी घेऊन मगच आलेख काढ.

मेधा_कु

मुलाला हा धागा वाचायला दिला. तो विचारतो की त्याच्या लाकडी पट्टीची जाडी दोन्ही टोकांना वेगळी आहे, मग घनात कोणती जाडी घालायची? सरासरीचा घन की घनांची सरासरी?

प्रयोगवही

फरक थोडा असेल तर सरासरीचा घन पुरेसा आहे. फरक मोठा असेल तर दोन्हींपैकी काहीच बरोबर ठरत नाही, कारण टोकाला आवळलेल्या पट्टीत आवळलेल्या जागेजवळची जाडी वाकण्यावर जास्त परिणाम करते आणि मोकळ्या टोकाची फार कमी. त्याने जाडी नेमकी कुठे-कुठे मोजली आणि कोणते टोक आवळले होते, ते इथे लिहायला सांगा.